लेझीम, पदर आणि नंदीबैल: रिग ह्युमनॉइड ठेवू की जेनेरिक?

तलावपाळीकर
नमस्कार मंडळी. मी चरईत राहतो, मित्र नौपाड्यात. दोघं नोकरी सांभाळून युनिटीत मोबाइलसाठी एक छोटा खेळ करतोय. पाडव्याच्या सकाळची ठाण्यातली स्वागतयात्रा, कौपिनेश्वराचं देऊळ, तलावपाळी, आणि पुढे लेझीम पथक.

माणसांचे साचे चार: नऊवारीतली ताई, सडपातळ दादा, पोट सुटलेले काका आणि आठ-नऊ वर्षांचं पोरगं. शिवाय एक नंदीबैल. क्लिप सात आहेत: उभं राहणं, चालणं, टाळ्या, ढोल आणि लेझमीचे तीन प्रकार. सगळ्या ताईच्या सांगाड्यावर ब्लेंडरमध्ये केल्या.

मी बैल सोडून सगळ्यांना ह्युमनॉइड केलं. दादा पहिल्याच फटक्यात नाचायला लागला, खूश झालो. मग बाकीचं दिसलं. ताईचा पदर लाकडी फळीसारखा ताठ. काकांचा हात पोटात आरपार. आणि पोराचे हात लेझीम मिटण्याच्या ठोक्याला एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत, मध्ये वीतभर अंतर राहतं.

मित्राचं म्हणणं, "ह्युमनॉइड फोनवर जड पडतं, सगळं जेनेरिक कर आणि मोकळा हो." पाडव्याच्या आत ठरवायचंय. काय करू?

ऐरोलीचा_अभि
सोपं आहे राव. दोन पाय असतील तर ह्युमनॉइड, चार पाय असतील तर जेनेरिक. बैल जेनेरिक, माणसं ह्युमनॉइड. तू बरोबरच केलंयस. पदराला क्लॉथ लाव.

उरणचा_म्हातारा
शीर्षकात रिग वाचून आलो. आयुष्याची बरीच वर्षं समुद्रातल्या रिगवर काढली, वाटलं कोणी जुना सहकारी भेटेल. इथे तर पदर आणि बैल निघाले. असो, वाचतोय.

तलावपाळीकर
@उरणचा_म्हातारा, काका 😄 आमच्या रिगमधून तेल निघत नाही, फक्त घाम निघतो.

मानपाडा_मृण्मयी
अभि, तुझा नियम बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतो, पण कारण चुकीचं आहे, म्हणून एक दिवस फसवेल. पाय मोजू नकोस. एकच क्लिप किती वेगवेगळ्या शरीरांवर चालवायची आहे ते मोज.

जेनेरिकमध्ये क्लिप म्हणजे अक्षरशः पत्ता आणि आकडे. `Armature/Hips/Spine/Chest` या वाटेवर जे हाड असेल त्याला अमुक फ्रेमला इतकं फिरव, इथे ठेव. ब्लेंडरमध्ये कोणी `Chest` चं नाव `Chest1` केलं की पत्ता चुकला. अ‍ॅनिमेशन विंडोत ती ओळ पिवळी होऊन पुढे Missing येतं आणि ते हाड गप्प बसतं. शरीर कोणाचं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

ह्युमनॉइडमध्ये आयात होतानाच हाडांची हालचाल स्नायूंच्या भाषेत बदलली जाते. "कोपर त्याच्या मर्यादेच्या इतक्या टक्के वाकलं" अशी नोंद होते, हाडाच्या नावाची होत नाही. खेळ चालू असताना प्रत्येक शरीराचा अवतार ती नोंद वाचतो आणि आपापल्या हाडांवर उलटी उतरवतो. म्हणून तुझा दादा काही न करता नाचला. यासाठी किमान १५ हाडं जुळवावी लागतात: कंबर, पाठ, डोकं, आणि दोन्ही बाजूंना दंड, कोपराखालचा हात, पंजा, मांडी, पोटरी, पाऊल. मान, छाती, खांदे, बोटं असली तर उत्तम, नसली तरी चालतं.

आता तुझा पदर बघ. या यादीत पदर कुठेच नाही. त्यामुळे स्नायूंच्या नोंदीत तो येऊच शकत नाही. त्याची हाडं क्लिपमध्ये वेगळ्या, पत्त्याच्या पद्धतीने ठेवावी लागतात आणि ते आपण सांगावं लागतं. क्लिपची फाइल निवड, `Animation` टॅबमध्ये खाली `Mask`, त्यात `Transform` उघड आणि पदराच्या हाडांवर खुणा कर. मग Apply. तीनही लेझीम क्लिपांना वेगवेगळं करावं लागेल, एकदा करून सुटका नाही.

तलावपाळीकर
मृण्मयीताई, पदर हलला! रात्री साडेबाराला बायकोला उठवून दाखवला. तिची प्रतिक्रिया इथे लिहीत नाही.

पण मग दादाच्या अंगावर तीच क्लिप चालताना पदराच्या नोंदीचं काय होतं?

मानपाडा_मृण्मयी
काही नाही. त्या पत्त्यावर हाड नाही, नोंद वाया जाते. उलट बाजू लक्षात ठेव: उद्या दुसरी नऊवारीवाली आजी आणलीस तर तिच्या पदराच्या हाडांची नावं आणि वाट ताईसारखीच हवी, नाहीतर आजी नाचेल आणि पदर ताठच. म्हणजे तुझ्या ह्युमनॉइड क्लिपच्या पोटात एक छोटं जेनेरिक बसलेलं आहे.

महापे_मिलीसेकंद
मी मित्राच्या बाजूने. यात्रेत माणसं किती दाखवणार? पन्नास-साठ तरी असतील. युनिटीच्याच कामगिरीच्या मार्गदर्शनात लिहिलंय की ह्युमनॉइडला जेनेरिकपेक्षा ३० ते ५० टक्के जास्त सीपीयू वेळ लागतो, कारण आयके आणि ते स्नायूंचं भाषांतर दर फ्रेमला होतं, तुम्ही वापरा न वापरा. फोनवर ३० फ्रेमचा खेळ म्हणजे एका फ्रेमला ३३ मिलीसेकंद, त्यातच चित्र, आवाज, ढोल, सगळं. साठ जणांचं भाषांतर दर फ्रेमला कशाला? साचे चार, क्लिप सात. ब्लेंडरमध्येच चारही अंगांवर उतरवून घ्या, २८ जेनेरिक क्लिप होतील, विषय संपला.

मानपाडा_मृण्मयी
विषय तिथे संपत नाही, तिथून सुरू होतो. पाडव्याच्या आठवडाभर आधी लेझमीचा दुसरा प्रकार बदलायचा ठरला तर आत्ता एक क्लिप दुरुस्त करायची, तुझ्या पद्धतीत चार. नोकरी करून दोघं जण रात्री काम करतायत. आणि ३० ते ५० टक्के कशाचे, तर अ‍ॅनिमेशनच्या वेळेचे, पूर्ण फ्रेमचे नाहीत. आधी प्रोफाइलरमध्ये बघा अ‍ॅनिमेशनला किती जातंय. दोन मिलीसेकंद जात असतील तर तू अर्धा-पाऊण वाचवण्यासाठी २१ क्लिपांचा संसार वाढवतोयस.

महापे_मिलीसेकंद
खालच्या किमतीच्या फोनवर दोन नसतात, ताई. पण मोजून बघा हे मान्य. आणि मोजायचं ते फोन जोडून, लॅपटॉपवर नाही.

तलावपाळीकर
काल मित्राने हट्टाने पोराची फाइल जेनेरिक करून त्यावर ताईची क्लिप लावली. हाडांची नावं सारखीच होती, म्हणून चालली. पण पोरगं ताईएवढं लांब झालं! हात गुडघ्यापर्यंत, मान जिराफासारखी, डोकं मात्र पोराचंच. भूतबित लागल्यासारखं. हे का?

मानपाडा_मृण्मयी
मी वर "इथे ठेव" लिहिलं होतं ते हेच. ब्लेंडरमधून बाहेर पडताना फिरण्याबरोबर प्रत्येक हाडाची जागाही क्लिपमध्ये लिहिली जाते. जेनेरिक ती इमानदारीने पाळतं. ताईचं कोपर खांद्यापासून जितकं लांब, तितकं पोराचंही करतं. नावं जुळली म्हणजे शरीर जुळलं असं नाही. ह्युमनॉइड कंबर सोडून बाकीच्या हाडांच्या जागा डीफॉल्टने फेकूनच देतं, म्हणून तिथे पोरगं पोरगंच राहतं.

याच कारणामुळे ह्युमनॉइडची एक मर्यादाही आहे. हात ताणून लांब होणं, अंग दबून चपटं होणं, असला कार्टूनी प्रकार त्यात हरवतो. `Translation DoF` चालू केलं तर काही हाडांच्या जागा पाळल्या जातात, ताणलेल्या आकाराचं मात्र काही होत नाही. तसला खेळ असेल तर दोन पायांचं माणूस असूनही जेनेरिकच. अभि, वाचतोयस ना?

ऐरोलीचा_अभि
वाचतोय, वाचतोय. पाय मोजणं सोडलं.

चिंचपोकळी_ते_नेरुळ
थोडं अवांतर, पण माझी अडचण पण सांगतो. मी मुलांसाठी एक गणपतीचं अ‍ॅप करतोय. चार हात आणि सोंड. ह्युमनॉइड केलं तर मागचे दोन हात मेले, सोंड मेली. उंदराचं तर विचारूच नका. Configure मध्ये चार हात कुठे जुळवायचे?

मानपाडा_मृण्मयी
कुठेच नाही, तिथे दोनच हातांची जागा आहे. पुढचे दोन जुळवायचे, मागचे दोन आणि सोंड पदरासारखी जादा हाडं म्हणून `Mask` मध्ये खुणा करून चालवायची. पण त्याआधी स्वतःला विचारा: या गणपतीची क्लिप दुसऱ्या कोणावर चालणार आहे का? किंवा दुसऱ्या माणसाची चाल याला द्यायची आहे का?

चिंचपोकळी_ते_नेरुळ
छे हो. एकच बाप्पा, बसलेला. सोंड हलवतो, मोदक उचलतो, आशीर्वाद देतो.

मानपाडा_मृण्मयी
मग सरळ जेनेरिक. ह्युमनॉइडचा एकही फायदा तुम्हाला मिळत नाहीये, फक्त कटकट मिळतेय. उंदीरही जेनेरिक. फक्त उंदीर चालत पुढे जाणार असेल तर `Rig` टॅबमध्ये `Root node` निवडायला विसरू नका, नाहीतर तो दोन पावलं पुढे जाईल आणि क्लिप संपली की उडी मारून परत मूळ जागी येईल. तलावपाळीकर, हे तुझ्या बैलालाही लागू आहे.

तलावपाळीकर
बैलाने हेच केलं होतं, आणि आम्ही दोन दिवस स्क्रिप्टमध्ये चूक शोधत होतो. 🤦

कळवा_कारशेड
वर कोणी सांगितलं नाही म्हणून. माणूस हवेत अर्धवट बसल्यासारखा, गुडघे-कोपरं दुमडून, कमरेपर्यंत जमिनीत रुतलेला दिसला तर घाबरू नका. अवतार ह्युमनॉइड आहे आणि क्लिप जेनेरिकच राहिलीय, म्हणून सगळे स्नायू शून्यावर पडलेत. क्लिपच्या फाइलचं `Animation Type` बघा. मी हे बघून मॉडेल तीनदा नव्याने एक्सपोर्ट केलं होतं.

वाशी_वसुधा
आणि सगळ्याच क्लिपांत हात सारखेच थोडे खाली किंवा वर राहत असतील तर क्लिपला हात लावू नका. मॉडेल हात तिरके ठेवून बांधलेलं असतं आणि Configure मध्ये टी-पोझ नीट केलेली नसते. Pose मध्ये `Enforce T-Pose`, मग Apply. चूक सगळीकडे सारखी असली की ती अवताराची, एकाच क्लिपमध्ये असली की क्लिपची.

तलावपाळीकर
हे दोन्ही तपासलं, ठीक आहे. पदर झाला, बैल झाला. पोराचे हात आणि काकांचं पोट अजून तसंच.

मानपाडा_मृण्मयी
ते दोन्ही एकाच मुळाचे आहेत. स्नायूंच्या नोंदीत कोन आहेत, अंतर नाही. "दोन हात छातीसमोर भेटले" हे क्लिपला माहीतच नाही. ताईच्या खांद्याची रुंदी आणि हाताची लांबी यांत त्या कोनांनी हात भेटतात, एवढंच. तुमचं पोरगं बहुधा कार्टूनी आहे: मोठं डोकं, रुंद छाती, आखूड हात. तेच कोन तिथे लावले की हात अलीकडेच थांबतात. काकांचे हात लांबीला ठीक आहेत, पण कोनांना पोट दिसत नाही.

उपाय असा. लेझीम उजव्या पंजाच्या हाडाखाली ठेवायची आणि डाव्या हाताची मूठ जिथे हवी तिथे लेझमीवर एक रिकामा ऑब्जेक्ट. मग डावा हात आयकेने तिथे ओढून न्यायचा. अ‍ॅनिमेटरच्या त्या लेयरला `IK Pass` चालू हवं, नाहीतर खालचं फंक्शन कोणी हाकच मारत नाही:

```csharp
void OnAnimatorIK(int layer)
{
    anim.SetIKPositionWeight(AvatarIKGoal.LeftHand, vajan);
    anim.SetIKPosition(AvatarIKGoal.LeftHand, mooth.position);
    anim.SetIKRotationWeight(AvatarIKGoal.LeftHand, vajan);
    anim.SetIKRotation(AvatarIKGoal.LeftHand, mooth.rotation);
}
```

`vajan` शून्य ते एक. मिटण्याच्या ठोक्याला एक, हात लांब फेकताना शून्याकडे. ते क्लिपमधल्या कर्व्हवरून घेतलं तर हात झटका न देता जातो. आणि हे फंक्शन फक्त ह्युमनॉइडलाच मिळतं. जेनेरिक केलंत तर हेच काम अ‍ॅनिमेशन रिगिंग पॅकेजने करावं लागेल. होतं, पण प्रत्येक साच्यावर हाडं हाताने जोडून.

काकांच्या पोटासाठी मात्र माझ्याकडे छान उत्तर नाही. कोपर थोडं बाहेर ढकलणारा एक लेयर वरून द्यायचा, किंवा पोट कमी करायचं.

महापे_मिलीसेकंद
पोट कमी करणं सगळ्यांनाच सांगतात, होत कोणाचंच नाही.

उरणचा_म्हातारा
आता मी बोलतो, कारण आता विषय माझा आला. तरुणपणी गावच्या लेझीम पथकात होतो, नंतर शाळेत पोरांना शिकवलं.

तुम्ही लिहिताय डावा हात, मूठ, सगळं ठीक. पण एक गोष्ट. लेझमीला एका हातात लाकडी दांडा असतो आणि दुसऱ्या हातात साखळीच्या मधली मूठ. लेझीम उघडते तेव्हा साखळी ताणलेली असते. म्हणजे दोन हातांतलं जास्तीत जास्त अंतर साखळी ठरवते, माणूस नाही. म्हणून लहान पोरांना आम्ही मोठी लेझीम देतच नव्हतो. दिली की पोरगं उघडताना पूर्ण उघडू शकत नाही, साखळी लोंबते आणि चकत्यांचा आवाज फुसका येतो. आणि लहान पोरं मिटताना हात छातीसमोर नाही आणत, पोटाजवळ खाली आणतात, कोपरं अंगाला चिकटवून. ताईसारखं करायला लावलंत तर आयके का काय ते लावूनही खोटंच दिसेल.

मानपाडा_मृण्मयी
काका, हे सोन्यासारखं सांगितलंत. मी हात भेटवायच्या मागे लागले होते, ते मुळात तिथे भेटतच नाहीत!

तर माझं मत बदलते. पोराला लेझमीच्या तीन क्लिप वेगळ्या करा. चालणं, उभं राहणं, टाळ्या ताईच्याच राहू देत. पोरगं ह्युमनॉइडच ठेवा, म्हणजे उद्या दुसरं पोरगं किंवा पोरगी आणलीत तर या तीन क्लिप त्यांनाही लागतील. साखळी मात्र स्वतंत्र वस्तू करा, तिची चार-पाच हाडं, जेनेरिक, स्वतःचा अ‍ॅनिमेटर. पोराला छोटी लेझीम.

महापे_मिलीसेकंद
आणि मागच्या रांगांचं काय? तिथे कोणाला मूठ दिसणार आहे? माझं अजूनही म्हणणं आहे की पुढचे आठ-दहा जण ह्युमनॉइड, मागे कमी पॉलिगॉनचा एकच साचा, जेनेरिक, एक क्लिप, प्रत्येकाची सुरुवात थोडी पुढे-मागे. शिवाय अ‍ॅनिमेटरचा `Culling Mode` `Cull Completely` ठेवला की कॅमेऱ्याबाहेरचे फुकट नाचणार नाहीत.

मानपाडा_मृण्मयी
मागच्या रांगांसाठी मान्य. तिथे शरीर एकच, वाटणी नाहीच. फक्त `Cull Completely` मध्ये कॅमेऱ्याबाहेर गेलेला माणूस जिथे थांबला तिथूनच पुन्हा सुरू होतो. ढोलाच्या ठेक्यावर सगळे एकत्र नाचायला हवे असतील तर बेताल होईल.

महापे_मिलीसेकंद
परत आत आला की गाण्याच्या वेळेवरून क्लिप तिथे नेऊन ठेवायची. एक ओळ आहे.

मानपाडा_मृण्मयी
साठ जणांसाठी एक ओळ, बघू फोन काय म्हणतो.

तलावपाळीकर
दहा दिवसांनी परत आलो. पोराच्या तीन क्लिप काकांनी सांगितल्या तशा केल्या, हात पोटाजवळ. आयकेचं वजन जेमतेम लागतं आता. ताई आणि दादा मूळ क्लिपवरच, डाव्या हाताला आयके. पोट सुटलेल्या काकांना लेझीमच काढून घेतली, ते आता टाळ्या वाजवतात.

एक नवीन गंमत. चालण्याची क्लिप एकच, रूट मोशन चालू. पोरगं दर पावलाला मागे पडतं आणि देवळापासून तलावापर्यंत जाईस्तोवर रांगेच्या शेवटी पोचतं.

मानपाडा_मृण्मयी
बरोबरच आहे. ह्युमनॉइडमध्ये पुढे सरकण्याचं अंतर शरीराच्या मापाने कमी-जास्त होतं. छोटे पाय, छोटं पाऊल. स्क्रिप्टने सगळ्यांना एकाच वेगाने ढकललंत तर पोरगं बर्फावरून घसरल्यासारखं दिसेल. त्याच्या चालण्याच्या स्टेटची `Speed` वाढवा, पावलं भराभर पडतील. किती वाढवायची ते दोन्ही अवतारांच्या `humanScale` च्या भागाकारावरून काढा, ताईचा भागिले पोराचा.

तलावपाळीकर
केलं. आता पोरगं मोठ्यांच्या मध्ये धावत-चालत जातं. मित्र म्हणतो हे त्याच्या पुतण्यासारखं दिसतं.

मागच्या रांगांचं अजून ठरलं नाही. मित्राने जेनेरिकवाली आवृत्ती केलीय, माझी ह्युमनॉइडवाली आहे. शनिवारी त्याच्या आईच्या जुन्या फोनवर दोन्ही लावून बघणार. आकडे इथे टाकतो.

उरणचा_म्हातारा
आकड्यांचं तुम्ही बघा. चकत्यांचा आवाज लेझीम मिटताना येतो, उघडताना वेगळा. ते केलंत का?

तलावपाळीकर
काका, आवाज एकच लावलाय. 😬 रेकॉर्ड करायला उरणला येऊ का?

उरणचा_म्हातारा
रविवारी या. येताना ती ताई पण फोनमध्ये घेऊन या, पायाचा ठेका बघतो.